मदत हवी आहे : कॉलमच्या बुंध्याला हनीकोंब, सळ्या उघड्या पडल्यात, स्लॅबआधी दुरुस्ती कशी करावी?

कोरेगावकर
नमस्कार मंडळी. साताऱ्याजवळ गावी तळमजला अधिक एक असं घर बांधतोय. परवा तळमजल्याचे कॉलम भरले, काल सकाळी शटरिंग काढलं. नऊपैकी दोन कॉलम बिघडलेत. कॉलम ९ बाय १८ इंची, एम २५, १६ एमएमच्या आठ सळ्या, रिंगा ८ एमएमच्या.

सी-४ ला स्टार्टरच्या, म्हणजे बुंध्याशी आधी भरलेल्या बुटक्या तुकड्याच्या, वर साधारण फूटभर उंचीपर्यंत, ९ इंची बाजूला, नुसती खडी दिसते. दोन उभ्या सळ्या आणि दोन रिंगा उघड्या आहेत. बोट लावलं तर खडी हातात येते. सी-७ ला कमरेच्या उंचीवर ताटाएवढा डाग आहे, तिथे फक्त दोन रिंगांची पाठ दिसते.

ठेकेदार म्हणतो, "एकास तीनचा मसाला मारून गुळगुळीत करून देतो, प्लॅस्टरखाली जाणारच आहे." मी त्याला हात लावू दिलेला नाही. दुकानदाराने एसबीआर लेटेक्सचा डबा आणि रिपेअर मॉर्टरची बॅग दिली आहे. स्लॅबचं सेंट्रिंग पुढच्या आठवड्यात सुरू होणार. क्रम काय ठेवू, आणि कुठे हात आखडता घ्यायचा?

खडीवाळू
मी छोटी बांधकामं घेतो. घाबरू नका, हे होतंच. वायर ब्रशने घासा, एसबीआरमध्ये सिमेंट कालवून चांगला दाट हात द्या, रात्रभर वाळू द्या म्हणजे पकड घट्ट बसते. सकाळी मॉर्टर थापा. सळ्यांना झिंक प्रायमर लावायला विसरू नका. आम्ही बाथरूमच्या भिंतींना असंच करतो, वर्षानुवर्षं काही होत नाही.

सळई-सिमेंट
कोरेगावकर, ठेकेदाराला थांबवलंत हे फार बरं केलंत. मी २२ वर्षं आरसीसी दुरुस्तीची कामं करतोय.

आधी खडीवाळूंच्या रात्रभर वाळवण्याबद्दल, कारण ही चूक मी सगळ्यात जास्त पाहतो. बाथरूमला तुम्ही तो थर वॉटरप्रूफिंग म्हणून लावता, तिथे तो वाळायलाच हवा. सांधा जोडायला लावलेली स्लरी वाळली की तिच्यावर प्लॅस्टिकसारखी पातळ साय धरते आणि नवा मसाला त्या सायीवर बसतो, जुन्या काँक्रीटवर बसतच नाही. म्हणजे जोडायला लावलेली वस्तूच तोडायचं काम करते. स्लरी बोटाला चिकटते आहे तोवर मसाला वर गेला पाहिजे. आपल्याकडच्या उन्हात हा वेळ दहा-पंधरा मिनिटांचा असतो. एकाने ब्रश मारायचा, दुसऱ्याने मागोमाग थापीने दाबत जायचं. मध्ये चहाला गेलात आणि स्लरी वाळली, तर ती खरवडून काढा आणि नव्याने लावा. वाळलेल्या थरावर दुसरा थर चढवू नका.

आता तुमचे दोन कॉलम. दिसायला एकच रोग असला तरी उपाय एक नाही. खोली किती आहे त्यावर सगळं ठरतं, आणि खोली बाहेरून कळत नाही. अर्धा किलोची हातोडी घेऊन डागाच्या बाहेरून आत ठोकत या. पक्क्या काँक्रीटवर ठण्ण वाजतं, पोकळ जागी भद्द. भद्द वाजेल तिथपर्यंत खडूने रेघ मारा, मग छन्नीने काढायला घ्या. ब्रेकर लावू नका, काँक्रीट अजून कोवळं आहे, हादऱ्याने चांगल्या भागातली सळईची पकडही सुटेल. पक्कं काँक्रीट लागेपर्यंत काढा आणि खोली मोजून इथे लिहा. त्याआधी तुमच्या आरसीसी कन्सल्टंटला फोन करा. त्यांनी पाहिल्याशिवाय काहीही झाकायचं नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. स्लॅब अजून भरलेला नाही, त्यामुळे कॉलमवर स्वतःच्या सातएकशे किलो वजनाशिवाय भार नाही. स्लॅब भरल्यावर हे दिसलं असतं, तर आधी बीमखाली टेकू लावल्याशिवाय छन्नी चालवता आली नसती.

ठाण्याची मेघना
आमच्या सोसायटीतही असंच आहे. इमारत १९८८ ची. पार्किंगमधल्या कॉलमचं काँक्रीट फुगून पडलंय, सळ्या गंजून पापुद्रे सुटतात. हेच मॉर्टर आणि एसबीआर वापरून वॉचमनकडून करून घेतलं तर चालेल का?

सळई-सिमेंट
ताई, नाही. कोरेगावकरांच्या कॉलममध्ये काँक्रीट नीट भरलं गेलं नाही, सळई मात्र नवी आहे. तुमच्याकडे सळई गंजून फुगली आणि तिने काँक्रीट फोडलं. तिथे सळईचा व्यास किती उरलाय ते मोजावं लागतं, काँक्रीटचं कार्बोनेशन तपासावं लागतं, आणि भरलेल्या इमारतीला टेकू दिल्याशिवाय हात लावता येत नाही. स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या आणि वेगळा धागा काढा, मी तिथे लिहितो. तोवर त्या कॉलमवर कुणालाही ठोकाठोकी करू देऊ नका.

कोरेगावकर
आज दिवसभर गवंड्याजवळ बसून काढून घेतलं. कन्सल्टंट संध्याकाळी येऊन गेले.

सी-७ : जास्तीत जास्त ३५ एमएम खोल. आतलं काँक्रीट पक्कं. रिंगांची पुढची बाजू दिसते, मागून घट्ट धरलेल्या आहेत. तिथे कव्हर ब्लॉकच नव्हता, पिंजरा शटरिंगकडे सरकला होता.

सी-४ : ९ इंची बाजू पूर्ण रुंदीला गेली, उंची ३०० एमएम. सळईच्या मागेही पोकळ होतं, काढत काढत ९० एमएमवर पक्कं लागलं. उरलेल्या तिन्ही बाजू ठण्ण वाजतात, पण उत्तरेच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात आवाज मला जरा वेगळा वाटला. कन्सल्टंट म्हणाले, पूर्ण फोडायची गरज दिसत नाही, दुरुस्ती करा, नंतर अल्ट्रासोनिक टेस्ट घेऊ.

खडीवाळू
स्लरीचं मी चुकीचं सांगितलं, मान्य. पण ९० एमएम खोल असेल तर मी तो कॉलम फोडून नवा भरेन. घर एकदाच बांधतो माणूस.

सळई-सिमेंट
फोडण्याचा विचार अगदी चूक नाही. पोकळी आरपार असती तर मीही तेच म्हटलं असतं. पण फोडताना स्टार्टर आणि खालच्या लॅपच्या, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या, सळ्यांना मार बसतो, आणि नवा कॉलम त्याच अडचणीच्या जागेवर पुन्हा भरावा लागतो. तीन बाजू पक्क्या असताना मी दुरुस्ती करेन.

सी-७ ला तुमचं मॉर्टर योग्य. डागाच्या कडा ग्राइंडरने १० एमएम खोल सरळ चौकोनी कापून घ्या. कड शून्यावर उतरवत नेली तर तो पातळ पापुद्रा आधी सुटतो. कापताना रिंगेला पातं लागू देऊ नका. धूळ ब्लोअरने काढा, आदल्या संध्याकाळपासून भिजवा. काम सुरू करताना काँक्रीट आतून ओलं पण वर पाण्याची चकाकी नाही, असं हवं. मग स्लरी : एक लिटर लेटेक्सला दीड किलोच्या आसपास सिमेंट, तुमच्या डब्यावर वेगळं प्रमाण असेल तर तेच धरा. लगेच मॉर्टर, रिंगेच्या कडेला बोटाने दाबून. ३५ एमएम एकदम थापलंत तर स्वतःच्या वजनाने खाली घसरेल आणि वरच्या कडेला केसाएवढी फट पडेल. म्हणून दोन थर. पहिला थर खरबरीत ठेवा, तो धरला की पुन्हा स्लरी आणि दुसरा थर. पहिला दिवस ओलं गोणपाट आणि त्यावर प्लॅस्टिक. पुढे लेटेक्सला हवेत वाळायला वेळ लागतो, त्यामुळे बॅगेवर सांगितलं असेल तेवढंच क्युरिंग.

सी-४ ला मात्र ती बॅग उघडू नका. रिंगेबाहेरच्या काँक्रीटचं ४० कव्हर, ८ ची रिंग, १६ ची सळई म्हणजे सळईची पाठ ६४ एमएमवर येते. तिच्या मागे तुमच्याकडे २६ एमएम जागा मोकळी झाली आहे, आणि सळईला चहूबाजूंनी धरायला ती हवीच असते. पण थापीने मारलेला मसाला सळईच्या मागे सावलीसारखी पोकळी सोडतो, आणि ती बाहेरून कधीच दिसत नाही. तिथे शटरिंग लावून मायक्रोकाँक्रीट, म्हणजे बारीक खडीचं आपोआप वाहत जाणारं तयार मिश्रण, ओतायचं. २३० गुणिले ३०० गुणिले ९० म्हणजे सव्वासहा लिटर. २५ किलोच्या बॅगेतून साधारण बारा लिटर निघतं, तेव्हा एक बॅग पुरे. अर्धी बॅग मोजून कालवू नका, बारीक माल तळाशी बसलेला असतो, मिश्रण बिघडतं. पूर्ण कालवा आणि उरलेलं सोडून द्या. पाणी बॅगेवर लिहिलेलं, मोजूनच.

पोकळीचं छत आतून बाहेर चढतं कापा, नाहीतर हवा वरच अडकते. प्लायला वर तिरकं तोंड ठेवा, पोकळीच्या वर दोन-तीन इंच चढेल असं. एका कोपऱ्यातून ओता, म्हणजे हवा दुसरीकडून निघेल. ओतण्याआधी पेटीत पाणी भरून ठेवा. काँक्रीट भिजतं आणि गळती कुठे आहे तेही कळतं. मग पाणी पूर्ण काढा. दुसऱ्या दिवशी बाहेर आलेलं तोंड छाटायचं, आणि सात दिवस ओलं ठेवायचं.

पुलाखालचा
मी पुलांच्या दुरुस्तीवर असतो. सी-४ ला बाँडिंग एजंट कोणता? एसबीआर स्लरी लावून शटरिंग चढवेपर्यंत ती वाळणारच. आम्ही जास्त वेळ चिकट राहणारा इपॉक्सी बाँडिंग एजंट लावतो.

सळई-सिमेंट
बरोबर, म्हणूनच मी तिथे स्लरी सांगितली नाही. मी नुसत्या भिजवलेल्या खरबरीत पृष्ठभागावर ओततो. इपॉक्सी चांगला, पण त्याची मुदत संपून तो कडक झाला तर वाळलेल्या स्लरीसारखीच गत होते. घरच्या कामावर शटरिंगला उशीर होतोच.

पुलाखालचा
उशीर होईल म्हणून सोडून द्यायचं, हे मला पटत नाही. पेटी आधी बसवून बघावी, काढावी, मग इपॉक्सी लावून पुन्हा चढवावी. झिंक प्रायमरही इथे नको असं माझं मत, नवी सळई नव्या काँक्रीटमध्ये तशीच सुरक्षित असते.

सळई-सिमेंट
प्रायमरवर सहमत. फक्त सुटा गंज ब्रशने काढा. इपॉक्सीचं कन्सल्टंटना ठरवू द्या.

कोरेगावकर
कन्सल्टंटनी भिजवून ओतायला सांगितलं. सी-७ झाला. सी-४ काल ओतला, आज पेटी काढली. वरच्या कडेला फट नाही, हातोडीने खणखणीत वाजतो. उत्तरेच्या कोपऱ्याचा आवाज मात्र अजून तसाच आहे. अल्ट्रासोनिकवाला पुढच्या शुक्रवारी येतोय, तोवर सेंट्रिंग थांबवलंय. तो कोपरा पोकळ निघाला तर पीव्हीसी नोझल लावून ग्राउट मारू, असं कन्सल्टंट म्हणतात.

एक विचारायचं राहिलं. वरच्या मजल्याचे कॉलम भरताना हे पुन्हा होऊ नये म्हणून काय?

सळई-सिमेंट
तुमच्याकडे दहा फुटांवरून घमेली ओतली असणार. काँक्रीट दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून मोकळं सोडायचं नसतं. लॅपच्या दाटीत खडी अडकते, आणि स्टार्टर व प्लायच्या फटीतून सिमेंटचं पाणी निघून जातं. शटरिंगला मधोमध खिडकी ठेवा, स्टार्टरभोवतीची फट फोमच्या पट्टीने बंद करा, ओतण्याआधी तळाला त्याच प्रमाणाचा खडीशिवायचा मसाला इंच-दोन इंच टाका, आणि व्हायब्रेटरची सुई तळापर्यंत पोहोचते का ते कॉलम भरायच्या आधी रिकाम्या पिंजऱ्यात सोडून बघा. कव्हर ब्लॉक तुम्ही स्वतः मोजा. शुक्रवारचे आकडे इथे टाका, बाजूसकट.