पाहुण्यांची ओळख करून देताना काय फसलं, काय जमलं?

पानखूण
आमच्या वाचनकट्ट्यावर महिन्यातून एकदा पंधरा-सोळा जण जमतात आणि अधूनमधून कुणी पाहुणे येतात. गेल्या खेपेला त्यांची ओळख करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यांनी परिचयाचा कागद पाठवला होता, तो मी वाचून दाखवला. सगळा. पुस्तकं, पुरस्कार, समित्या, संपादनं. मध्येच वर पाहिलं तर समोरच्या काकू हातातल्या पुस्तकाचं कव्हर पुन्हा पुन्हा सारखं करत होत्या आणि खुद्द पाहुणे मान खाली घालून बसले होते. सहा मिनिटं चाललं ते.

पाहुणे नंतर छान बोलले. पण "कुणाला काही विचारायचंय?" म्हटल्यावर एक हात वर येईना. एरवी याच मंडळींना गप्प बसवता बसवता नाकी नऊ येतात. निघताना एक जण म्हणाले, "एवढे मोठे आहेत म्हटल्यावर आपला प्रश्न फारच बाळबोध वाटायला लागला हो." तेव्हापासून ते वाक्य डोक्यात आहे, कारण त्यांना बाळबोध वाटायला लावलं ते पाहुण्यांनी नाही, मी. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाळी आहे. तुमचे अनुभव सांगा.

मधली ओळ
आमच्याकडे यावर छान उपाय आहे. सगळ्यांनी एकेक करून आपली ओळख करून द्यायची, नाव आणि आवडतं पुस्तक. त्यामुळे मोकळेपणा येतो. फक्त मागच्या वेळी अठरा जण होते आणि एका गृहस्थांना तीन आवडती पुस्तकं होती, त्यात पंचवीस मिनिटं गेली. पाहुण्यांना गाडी पकडायची होती.

पानखूण
मी पाहुण्यांच्या ओळखीबद्दल विचारत होते :)

मधली ओळ
अरे हो. मग माझा अनुभव उलट बाजूने वाचा.

जुना कट्टेकरी
बरीच वर्षं हे काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तो परिचयाचा कागद टाकाऊ नसतो, त्याची जागा वेगळी असते. तो बैठकीच्या निमंत्रणासोबत सगळ्यांना पाठवून द्या, ज्याला हवा तो घरी वाचेल. बैठकीत ओळख करून देताना माणसं मनात एकच गोष्ट चाचपत असतात: या बोलण्यात मला शिरायला जागा आहे का? ती जागा कागदात सापडत नाही. ती आपल्याच आधीच्या बैठकीत सापडते. म्हणून पाहुणे यायच्या आधीच्या बैठकीत मी शेवटची दहा मिनिटं राखतो आणि "पुस्तक कसं वाटलं" असं न विचारता "कुठे अडलात" असं विचारतो. जिथे दोन-तीन जण अडलेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही, ती जागा टिपून ठेवतो.

एक प्रसंग सांगतो. पाहुण्या अनुवादिका होत्या. त्यांनी मराठीत आणलेली कादंबरी आम्ही वाचली होती. तिच्यात मुलगी आईला सगळीकडे "तू" म्हणते आणि एका भांडणात एकदम "तुम्ही". त्यावर आमच्यात जुंपली. अर्ध्या लोकांच्या मते ती मुद्रणातली चूक, बाकीच्यांच्या मते नातं तिथेच तुटलं. पाच दिवस आधी मी बाईंना फोन करून तीन गोष्टी विचारल्या. नाव कसं सांगू? तुम्ही कुठला किस्सा सांगणार आहात, म्हणजे मी त्याला हात लावणार नाही? आणि हा "तुम्ही"चा वाद मी मांडला तर चालेल का? त्या हसल्या, म्हणाल्या, मांडाच.

मग बैठकीत साधारण असं बोललो:

"मागच्या महिन्यात आपण पाऊण तास एका शब्दावर भांडलो. एकशे चाळिसाव्या पानावर मुलगी आईला एकदम 'तुम्ही' म्हणते. ही चूक आहे की दुखावलेपण, हे आपलं ठरलं नाही. मूळ भाषेत तू आणि तुम्ही यांना एकच शब्द आहे. म्हणजे हा 'तुम्ही' मूळ पुस्तकात नव्हता, तो मराठीत कुणीतरी निवडला. ज्यांनी निवडला त्या आज आपल्यात बसल्या आहेत. ती भाषा त्यांनी बरीच वर्षं शिकवली आणि या कादंबरीला दोन वर्षं दिली. ज्यांचं पुस्तक वाचून झालं नसेल त्यांनी एवढंच आठवावं, की घरातल्या कुणाला आपण रागाने कधी 'तुम्ही' म्हणालो होतो का." मग त्यांचं नाव घेतलं आणि खाली बसलो. दोन मिनिटांच्या आत आटपलं.

त्यांनी तोंड उघडायच्या आत आमच्यातले एक आजोबा म्हणाले, "म्हणजे मी चुकीच्या बाजूला होतो की काय?" सगळे हसले आणि बैठक तिथूनच सुरू झाली. बाईंनी सांगितलं की पहिल्या खर्ड्यात तिथेही "तू"च होतं.

त्यांच्या कारकिर्दीतल्या दोनच गोष्टी मी सांगितल्या. दोन्ही त्या शब्दाशी जोडलेल्या होत्या, म्हणून ठेवल्या. पुरस्कारही मिळालेला होता, पण त्याने प्रश्न विचारायला कुणाला मदत झाली नसती.

कोपऱ्यातली खुर्ची
कट्टेकरी, त्या भाषणातला "आपण" मला फार महत्त्वाचा वाटतो. आमचे एक सूत्रसंचालक पाहुण्यांकडे तोंड करून "आम्ही आपलं स्वागत करतो" असं सुरू करतात. त्यात आम्ही म्हणजे नेमके कोण? मी तर तिथे नुसती बसलेली असते. ओळख नेहमी सदस्यांकडे बघून द्यावी आणि "आपण" म्हणावं, म्हणजे आपोआप सगळे सामील होतात.

लाल पेन
आपोआप नाही होत. मराठीत "आपण" दुधारी आहे. "आपण इतकी वर्षं लिहीत आहात" म्हटलं की तोच शब्द पाहुण्यांना उद्देशून होतो, आणि तोही भलताच औपचारिक. एकाच परिचयात दोन्ही "आपण" आले की ऐकणारा गोंधळतो. सदस्यांसाठी "आपण" ठेवायचा असेल तर पाहुण्यांबद्दल "त्या" किंवा "ते" म्हणा. बाकी सदस्यांकडे बघून बोलायचं, हे शंभर टक्के मान्य.

आणि "ज्यांना परिचयाची गरज नाही असे" हे वाक्य कृपा करून बंद करा. एकदा माझ्या शेजारी पहिल्यांदाच आलेला एक मुलगा बसला होता. त्याला परिचयाची गरज होती. हे वाक्य ऐकल्यावर त्याने कुणालाच काही विचारलं नाही.

उत्कंठा
माझी युक्ती: नाव अगदी शेवटी घ्यायचं. त्याआधी कोडं घातल्यासारखं बोलायचं, "एक अशी व्यक्ती, जिने लहानपणी..." वगैरे. मजा येते!

जुना कट्टेकरी
नाव शेवटी घेण्यात तथ्य आहे. नाव झालं की टाळ्या पडतात आणि त्यानंतरचं कुणी ऐकत नाही. पण कोडं मोठ्या सभागृहात ठीक. पंधरा माणसांत पाहुणे डोळ्यांसमोर बसलेले असतात. आपण कोडं घालतो आणि त्यांना आपण कुठे बघावं तेच कळत नाही.

दुसरी आवृत्ती
मी सांगते पाहुणीच्या बाजूने, दोनदा जाऊन आलेय.

पहिल्या ठिकाणी ओळख करून देणाऱ्या बाई फार तयारीच्या होत्या. माझी जुनी मुलाखत त्यांनी ऐकली होती. मी आजी आणि पत्र्याच्या पेटीचा किस्सा सांगून सुरुवात करणार होते. तो त्यांनी शेवटासकट सांगून टाकला, आणि माझ्यापेक्षा चांगला सांगितला. मी उभी राहिले आणि पहिलं पान उलटून दुसऱ्यावर गेले. तेव्हा कट्टेकरींचा दुसरा प्रश्न सोन्यासारखा आहे.

दुसऱ्या ठिकाणी प्रश्न ठेवला होता, तोही चांगला, पण मला आधी कल्पना नव्हती. "पुस्तकातले वडील एवढे गप्प का, हे आज त्या सांगतीलच." मी तर मुखपृष्ठ आणि छपाईबद्दल बोलायला आले होते, तसंच ठरलं होतं. पंधरा जण वडिलांची वाट बघत बसले. मी ते पुरवू शकले नाही आणि त्यांना छपाईत रस उरला नव्हता. प्रश्न ठेवायचा तर पाहुण्यांना विचारून ठेवा.

कोपऱ्यातली खुर्ची
एक विचारू? ओळख करून देताना सदस्यांची नावं घ्यावीत का? "आपल्या अमुकताईंना शेवट पटला नाही" असं? ऐकायला छान वाटतं.

लाल पेन
नको. आमच्याकडे असं नाव घेतलेल्या ताई पुढचे दोन महिने आल्या नाहीत. त्या आमच्यासमोर बोलल्या होत्या, लेखकासमोर नाही. मत सांगा, नाव गाळा.

मधली ओळ
आमच्या एका मावशींचं नाव घेतलं होतं, आधी विचारून. त्या अजून तो प्रसंग सांगतात! नाव घेतलं नसतं तर त्या कधीच बोलल्या नसत्या.

लाल पेन
विचारल्यावर समोरासमोर "नको" म्हणणं सगळ्यांना जमतं असं नाही. मी तरी घेणार नाही.

पानखूण
नावांचं तुम्ही भांडत बसा, मी गाळतेय. पुढच्या आठवड्यात कथाकार येणार आहेत. आमच्यात अडलेली जागा अशी: एका कथेत निवेदकाला नावच नाही, आणि तो बाई आहे की पुरुष यावर आमचं एकमत नाही. माझा खर्डा:

"आज आपल्या भेटीला सिद्धहस्त कथाकार आले आहेत. शेवटची कथा वाचून आपल्यातल्या काहींना बोलणारी बाई वाटली, काहींना पुरुष. मी स्वतः अकराव्या पानापर्यंत बाई समजत होते, मग छत्री आली आणि मी डगमगले. अकरा वर्षं कथा लिहिणाऱ्या माणसाकडून हे सुटलं असेल असं वाटत नाही. ज्यांनी कथा वाचली नाही त्यांच्यासाठी पहिला परिच्छेद मी आता वाचते, पाचच ओळी आहेत. ऐकताना तुम्हाला कोण दिसतं ते बघा. आणि प्रश्न अगदी बिनधास्त विचारा!"

जुना कट्टेकरी
पाच ओळी वाचण्याची कल्पना मी चोरतोय. न वाचलेल्यांना तेवढ्याने वाचलेल्यांच्या शेजारी बसता येतं. फक्त "सिद्धहस्त" काढा, नाहीतर तुमचे ते गृहस्थ पुन्हा बाळबोध होतील. आणि शेवटचं वाक्य काढा. बिनधास्त व्हा म्हटल्याने कुणी बिनधास्त होत नाही. "कोण दिसतं ते बघा" म्हणून थांबा आणि नाव घ्या. मग पाहुण्यांकडे न बघता एक क्षण सदस्यांकडे बघा. कुणीतरी "बाई" म्हणेलच.

दुसरी आवृत्ती
पण त्यांना विचारलंत का? निवेदक कोण हे त्यांना सांगायचंच नसेल तर?

पानखूण
आत्ताच फोन झाला. सांगणार नाही म्हणाले, पण वाद ऐकायला आवडेल, प्रश्न ठेवाच. दोन्ही वाक्यं काढून मोठ्याने वाचून पाहिलं, पाच ओळी धरून पावणेदोन मिनिटं लागली. आणि त्यांचं आडनाव मी इतके दिवस चुकीचं म्हणत होते. शेवटचं अक्षर दीर्घ नाही.