शब्दचर्चा: ‘इव्हेंट-ड्रिव्हन’ आणि ‘सायकल-बेस्ड’ सिम्युलेशनला मराठीत काय म्हणावं?

कर्वेनगर_टिपणं: डिप्लोमाच्या मुलांसाठी डिजिटल डिझाइनची टिपणं मराठीतून काढते आहे. मी ‘घटनाचालित’ आणि ‘चक्राधारित’ असे शब्द वापरले. मुलांनी त्यावरून लगेच सूत्र पाठ केलं: चक्राधारित म्हणजे वेगवान, घटनाचालित म्हणजे अचूक. मला हे खटकतंय. फ्लॉप आणि त्यांच्या मधलं लॉजिक, एवढ्या सीक्वेन्शियल सर्किटपुरतं तरी कोण कधी वेगवान ठरतं हे शब्दातून थोडं कळावं, अशी इच्छा आहे. सुचवा.

पौडरोडकर: ताई, शब्द चांगले आहेत आणि मुलांचं सूत्रही बरोबर आहे. सायकलवाला प्रत्येक गेट क्लॉकच्या ठोक्याला एकदाच मोजतो. कोणत्या गेटनंतर कोणतं, हा क्रम आधीच लावलेला असतो, त्यामुळे रांग सांभाळायचं कामच नाही. घटनावाल्याला प्रत्येक बदल रांगेत घालावा लागतो, वेळेप्रमाणे लावावा लागतो, परत काढावा लागतो. तो जिंकणार कसा? ‘चक्राधारित’च ठेवा.

स्वारगेट_ते_कात्रज: मी वाहतूक नियोजनातला. आमच्याकडेही दोन प्रकार असतात. एकात घड्याळ ठराविक पावलाने पुढे नेतात, दुसऱ्यात बस थांब्यावर आली की थेट त्या क्षणावर उडी मारतात. तुमचं चक्र म्हणजे आमचं पाऊलच ना? मग ‘पाऊलनिहाय’ म्हणा. पाऊल लहान केलं की अचूकता वाढते.

हिंजवडी_व्हेरिफिकेशन: स्वारगेटवाले, इथे पाऊल लहान करता येत नाही. चक्र म्हणजे क्लॉकच्या एका कडेपासून पुढच्या कडेपर्यंतचा काळ. आत काय झालं हे सायकल-पद्धत बघतच नाही, ती फक्त कडेला फ्लॉपमध्ये काय शिरणार तेवढं काढते. म्हणून ‘पाऊलनिहाय’ने घोटाळा होईल.

पौडरोडकर, तुमचं वर्णन बरोबर आहे, निष्कर्ष अर्धाच. घटना-पद्धतीत ज्या गेटचं इनपुट बदललं तेवढंच मोजलं जातं, बाकी सर्किटला हातही लागत नाही. समजा 10,000 गेट आहेत आणि रांगेच्या खटाटोपामुळे घटना-पद्धतीत एक गेट मोजायला दहापट खर्च येतो. हा आकडा समजण्यापुरता धरलेला आहे. एका चक्रात 5 टक्के गेट हलले तर घटनावाल्याचं काम 500 गुणिले 10, म्हणजे 5,000. सायकलवाल्याचं काम नेहमीच 10,000. इथे घटनावाला दुप्पट वेगवान. 30 टक्के हलले तर त्याचं काम 30,000 होतं आणि तो तिपटीने मागे पडतो. बराच काळ झोपलेलं, मोजके ब्लॉक जागे असलेलं डिझाइन एकीकडे आणि प्रत्येक ठोक्याला नवा डेटा खाणारी पाइपलाइन दुसरीकडे, असा हा फरक आहे.

त्यात गुणाकाराचं सर्किट असेल तर घटना-पद्धत आणखी रडते. इनपुट वेगवेगळ्या वेळी पोहोचतात, त्यामुळे तेच गेट एका चक्रात चार-पाच वेळा हलतं आणि प्रत्येक वेळी मोजावं लागतं. शेवटची किंमत मात्र सायकलवाला एकदाच मोजून काढतो तीच येते.

कर्वेनगर_टिपणं: वेगाचं समजलं, धन्यवाद. आणि अचूकता? शेवटची किंमत तीच येत असेल तर फरक पडतो कुठे?

हिंजवडी_व्हेरिफिकेशन: सगळे फ्लॉप एकाच क्लॉकवर असतील, लॉजिक पुढच्या कडेआधी स्थिर होत असेल आणि सगळे फ्लॉप नीट रीसेट झालेले असतील, तर पडत नाही. हे तिन्ही पाळणाऱ्या डिझाइनमध्ये सायकलवाल्याला ‘कमी अचूक’ म्हणणं अन्याय आहे. क्लॉकच्या वाटेत लॉजिक आलं की मात्र गडबड होते. हे बघा:

```verilog
assign gclk = clk & en;
always @(posedge clk)  en  <= req;
always @(posedge gclk) cnt <= cnt + 1;
```

`req` एकाच ठोक्यापुरता 1 आहे असं धरा. पहिल्या कडेला `clk` वर जातो, त्या क्षणी `en` अजून 0 आहे. लगेच `en` 1 होतो, `clk` वरच आहे, म्हणून `gclk` वर जातो: मोजणी 1. दुसऱ्या कडेला `en` आधीच 1 असल्यामुळे `gclk` पुन्हा वर जातो: मोजणी 2. त्याच क्षणी `en` 0 होतो आणि `gclk` कोसळतो. घटना-पद्धत 2 सांगते. निव्वळ सायकल-पद्धत म्हणते, कडेला `en` 1 होता का? फक्त दुसऱ्या कडेला होता. उत्तर 1.

भोसरी_बोर्डवाला: मला शब्दांचं फारसं कळत नाही, पण आमच्याकडे एफपीजीएवर अगदी हेच झालं होतं. मोटरच्या फेऱ्या मोजणारा काउंटर, क्लॉक असाच अँड करून दिलेला. सिम्युलेशनमध्ये दर वेळी 2 यायचे, बोर्डावर कधी 1 तर कधी 2. बोर्ड गरम झाला की प्रमाण बदलायचं. मग यातलं अचूक कोणाला म्हणायचं?

हिंजवडी_व्हेरिफिकेशन: दोघांनाही नाही. कोडमध्ये डिले नाहीत, त्यामुळे दुसरी पल्स शून्य रुंदीची असूनही सिम्युलेटर तिला कड मानतो. प्रत्यक्षात ती पल्स साधारण `en`च्या फ्लॉपच्या डिलेएवढी बारीक असते. तिच्यावर काउंटरचा फ्लॉप हलेल की नाही हे तापमान, व्होल्टेज आणि वायरिंगवर ठरतं. गेटचे खरे डिले घालून घटना-पद्धतीने चालवलं आणि `$width` ही तपासणी लावली, तर पल्स फार अरुंद असल्याची तक्रार येते. सायकल-पद्धतीला ती पल्स दिसतच नाही, मग तक्रार कोण करणार?

उपाय ठरलेला आहे. `clk` खाली असतानाच `en` पुढे सोडणारा लॅच मध्ये घाला. मग पहिल्या कडेनंतर बदललेला `en` लॅचमागे थांबतो आणि दुसऱ्या कडेला एकच पूर्ण पल्स जाते. दोन्ही पद्धती 1 सांगतात. एफपीजीएवर असाल तर क्लॉकला हातच लावू नका, फ्लॉपचा एनेबल वापरा.

पौडरोडकर: मान्य. पण आम्ही व्हेरिलेटर वापरतो, ते सायकलवालंच आहे. म्हणजे आमची असली चूक कधीच पकडली जाणार नाही?

हिंजवडी_व्हेरिफिकेशन: ते आता निव्वळ सायकलवालं राहिलेलं नाही. 2022 मध्ये आलेल्या 5व्या आवृत्तीत आतलं वेळापत्रक बदललं आणि `--timing` दिलं की कोडमधले डिलेही पाळले जातात. मात्र ‘x’ ही अनिश्चित किंमत ते एका गेटमधून पुढच्या गेटकडे वाहून नेत नाही, मुख्यतः 0 आणि 1 वरच चालतं. रीसेट विसरलेला फ्लॉप तिथे 0 होऊन बसला तर सगळं सुरळीत दिसतं. म्हणून रीसेट तपासताना सुरुवातीच्या किंमती यादृच्छिक ठेवून तीच चाचणी वेगवेगळ्या बीजांनी चालवा. उत्तर बदललं की समजा कुठेतरी रीसेट राहिलाय.

आता ताईंच्या शब्दांकडे. मी ‘बदलानिहाय’ आणि ‘ठोकानिहाय’ सुचवेन. एकात बदल झाला की मोजणी, दुसऱ्यात ठोका पडला की मोजणी. वेग कशावर अवलंबून आहे ते त्यातच आलं.

स्वारगेट_ते_कात्रज: ‘बदलानिहाय’ला माझा विरोध. रांगेत ‘दहा नॅनोसेकंदांनी `clk` उलटव’ असंही काम असतं ना? तो बदल अजून झालेलाच नसतो. ‘घटना’त तो मावतो.

हिंजवडी_व्हेरिफिकेशन: हा मुद्दा खरा आहे.

कर्वेनगर_टिपणं: मग टिपणात ‘घटनानिहाय’ आणि ‘ठोकानिहाय’ लिहिते, आणि खाली 5 टक्के, 30 टक्क्यांचं गणित घालते. दोन वेगळे क्लॉक असतील तेव्हा ‘ठोका’ कोणाचा म्हणायचा, हे मात्र मला अजून सुटलेलं नाही.

पौडरोडकर: दोन्ही क्लॉकच्या कडा वेळेप्रमाणे एका यादीत लावायच्या आणि प्रत्येक कडेला तिच्या हद्दीतलं लॉजिक मोजायचं, असं करतात. पण ती यादी म्हणजे पुन्हा घटनांची रांगच झाली.