मदत हवी आहे: पाच बचत गट, एक ब्रँड आणि कँटीनची ऑर्डर

नमस्कार मंडळी, ऐरोली-घणसोलीतले आम्ही पाच महिला बचत गट एकाच नावाने चकली विकायची म्हणतोय. महापे एमआयडीसीतल्या एका कँटीनवाल्याला आठवड्याला 40 किलो हवी आहे. बिल एकच, पैसे मात्र 45 दिवसांनी.

चवीचं जमलं. आधी एकीची चकली लालसर, तर दुसरीची दोन दिवसांत मऊ. आता भाजणी एकाच ठिकाणी भाजून दळतो, तळण घरोघरी. पाकिटावर गटाचं अक्षर आणि बॅच नंबर असतो, म्हणजे तक्रार आली की कढई सापडते!

अडलंय कागदांवर. एफएसएसएआय नोंदणी जागेनुसार, म्हणजे पाच स्वयंपाकघरांचे पाच नंबर. लेबलवर बनवणाऱ्या गटाचा आणि विकणाऱ्या संघाचा, असे दोन्ही टाकायचे ना? आणि ट्रेडमार्क कुणाच्या नावावर? एका गटाच्या नावावर घेतला आणि उद्या बिनसलं, तर ब्रँड तिकडेच जायचा.

शिवाय उधारी. 320 रुपये किलोने आठवड्याचे 12,800, म्हणजे सहा आठवड्यांत जवळजवळ 77 हजार अडकणार. तेलवाला तर रोख मागतो. वस्तीस्तर संघाच्या नावाने बिल काढणारं इथे कुणी आहे का? कँटीनवाल्याकडून थोडी रक्कम आगाऊ कशी मिळवलीत?