मदत हवी आहे: आलेख खाली कोण आणतं, पंप की पोटॅशियम? (उद्या व्हायवा)

ऋतुजा_जुळेसोलापूर
कुणाला येत असेल तर पटकन सांगा, उद्या सकाळी व्हायवा आहे. चेतापेशीच्या ॲक्शन पोटेंशियलच्या हँडआउटमध्ये लिहिलंय की डिपोलरायझेशननंतर सोडियम-पोटॅशियम पंप चालू होतो आणि रेस्टिंग पोटेंशियल परत येतं. पण शेजारच्या आकृतीत पोटॅशियमचा बाण बाहेर जातोय. पंप तर पोटॅशियम आत घेतो ना? दोन्ही बरोबर कसं?

बाळीवेस_सर
बाण नक्की कुठे आहे? उतरत्या रेषेवर की अगदी तळाशी? आणि आकडे काय दिलेत? आकृती समोर नसताना कसं सांगणार?

अण्णा_होटगीरोड
ताई, नसांचा त्रास अंगावर काढू नका. माझ्या आईच्या पायांना मुंग्या यायच्या, तपासलं तर बी-१२ कमी निघालं. आधी रक्त तपासून घ्या.

ऋतुजा_जुळेसोलापूर
अण्णा, मला काही झालेलं नाही ओ, अभ्यासाचा प्रश्न आहे. फिजिओथेरपी, पहिलं वर्ष. सर, आकडे मिलिव्होल्टमध्ये असे आहेत: सुरुवातीला उणे ७०, उणे ५५ ला थ्रेशोल्ड, वर अधिक ३०, मग खाली उणे ८० पर्यंत आणि परत उणे ७०. बाण अधिक ३० नंतरच्या उतारावर आहे.

नर्सिंग_२०१९
पंपच लिही. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, म्हणजे दर फेरीला एक धन भार बाहेर जातो. आतली बाजू ऋण होणारच. आम्ही हेच लिहून पास झालो.

बाळीवेस_सर
हिशोब बरोबर आहे, वेळेचा मेळ बसत नाही. अधिक ३० वरून खाली यायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. पंपाचा एक रेणू सेकंदाला फार तर काहीशे फेऱ्या मारतो, म्हणजे तेवढ्या वेळात त्याची एक फेरीही धड पुरी होत नाही. याउलट पोटॅशियमचं एक चॅनल उघडलं की मिलिसेकंदात हजारो आयन बाहेर पडतात.

ऋतुजा, उणे ५५ पासून बघ. सोडियमचे चॅनल उघडतात, सोडियम आत घुसतं, रेषा वर जाते. शिखराजवळ दोन गोष्टी होतात. सोडियमचे चॅनल आपोआप बंद पडतात आणि त्याच सुमारास पोटॅशियमचे चॅनल उघडतात, जे मुळातच हळू उघडणारे आहेत. पोटॅशियम आत जास्त, बाहेर कमी, शिवाय आतली बाजू आता धन झालेली. त्यामुळे ते बाहेर पळतं आणि रेषा खाली येते. तुझा बाण बरोबर आहे, वाक्य चुकलंय.

नर्सिंग_२०१९
मग पंप कशाला असतो?

बाळीवेस_सर
आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून मोटर लावून टाकी भरून ठेवतो. नंतर मोटर बंद असली तरी तोटी सोडली की पाणी येतंच. पंप म्हणजे ती मोटर. एका आवेगात इतके थोडे आयन इकडचे तिकडे होतात की टाकीची पातळी जवळजवळ हलतही नाही.

हे करून पाहिलेलं आहे. १९५५ मध्ये हॉजकिन आणि कीन्स यांनी माकूळसारख्या समुद्री जिवांच्या जाड चेतातंतूंना डायनायट्रोफिनॉल दिलं. त्याने पेशीची ऊर्जा तुटते, पंप थंडावतो. सोडियम बाहेर टाकणं जवळजवळ थांबलं, तरी तंतूतून आवेग जातच होते. पंप बराच वेळ बंद राहिला तर मात्र टाकी रिकामी होत जाते आणि मग काहीच चालत नाही.

सातरस्ता_विजय
मागच्या महिन्यात दाढ काढली, इंजेक्शननंतर ओठ तासन् तास बधिर होता. तेव्हा पंप बंद पडलेला असतो का?

बाळीवेस_सर
नाही. ते औषध सोडियमच्या चॅनलमध्ये आतून अडकून बसतं. पंप चालूच असतो, रेस्टिंग पोटेंशियलही जाग्यावर असतं, फक्त रेषा वर चढत नाही.

ऋतुजा_जुळेसोलापूर
आता समजलं. पण उणे ७० वर न थांबता उणे ८० पर्यंत का जाते? तिथून तरी पंप वर आणतो ना?

बाळीवेस_सर
तिथूनही नाही. पोटॅशियमचे चॅनल उघडतात हळू तसे बंदही हळूच होतात. ते उघडे आहेत तोवर रेषा पोटॅशियमच्या स्वतःच्या समतोलाकडे, उणे ९० च्या आसपास, ओढली जाते. ते मिटत गेले की उणे ७० ला येते. उलट पंपाने एक धन भार बाहेर काढला की रेषा आणखी खालीच जाईल, नर्सिंगताईंचाच हिशोब लावून बघ.

नर्सिंग_२०१९
मान्य. पण परीक्षकाकडे तोच हँडआउट असला तर? मी तर म्हणते आधी हँडआउटचं वाक्य बोल, मार्क घे, वाद घालू नकोस.

बाळीवेस_सर
अजिबात नको. "उतारावर पोटॅशियम बाहेर, पंप नंतर साठा राखतो" एवढं सांग. हँडआउटचा विषयच काढू नकोस.

सातरस्ता_विजय
मी नर्सिंगताईंच्या बाजूने.

ऋतुजा_जुळेसोलापूर
आमच्या मॅडम वर्गात रेस्टिंग उणे ९० सांगतात आणि हँडआउटमध्ये उणे ७० आहे. विचारलं तर कुठलं सांगू?

अण्णा_होटगीरोड
बी-१२ ची तपासणी उपाशीपोटी करायची का, तेवढं कुणी सांगा.