बार्बेरी तोडली की तांबेरा संपला?

मूळ मत: गव्हाच्या काळ्या तांबेरा या बुरशीजन्य रोगाचे जीवनचक्र बार्बेरी या काटेरी झुडपाशिवाय पूर्ण होत नाही. मग ही झुडपे मुळासकट उपटा, रोग आपोआप संपेल. रोग वाऱ्यावर दुरून येतो वगैरे सबबी कशाला?

प्रभाकर: अर्धे चक्र पाठ करून असे निष्कर्ष काढले जातात, म्हणून सविस्तर लिहितो. गव्हावरचे तांबूस युरेडो बीजाणू पुन्हा गव्हालाच लागतात. उबदार हवेत आणि रात्रीच्या दवात दर दहा-पंधरा दिवसांनी नवी पिढी तयार होते व तिला बार्बेरीची गरज नसते. बार्बेरी लागते ती हंगामाअखेरीच्या काळ्या टेलिओ बीजाणूंना. हिवाळ्यानंतर त्यांतून निघणारे नाजूक बेसिडिओ बीजाणू थोड्याच अंतरावर टिकतात, बार्बेरीवर संकर घडतो आणि तिथले इसिओ बीजाणू जवळच्या गव्हावर उतरतात. युरेडो बीजाणू मात्र जाड भिंतीचे व रंगद्रव्याने उन्हापासून काहीसे सुरक्षित असतात. ते उंच हवेत शिरले की शेकडो किलोमीटर जातात आणि पावसासोबत खाली येतात. अमेरिकेत 1918 पासून बार्बेरी उपटण्याची मोहीम चालली, तरी 1953-54 मध्ये या बुरशीच्या 15बी या वंशाने मोठी साथ आणलीच, कारण दक्षिणेकडच्या हिवाळी गव्हावर तगलेली बुरशी दरवर्षी वाऱ्यावर उत्तरेकडे सरकत होती.

माधवी: माझ्या कुंपणाला शोभेची बार्बेरी आहे. शेजाऱ्यांनी ती तोडायला लावली, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या गव्हावर तांबेरा आला. आता माझे कुंपण कोण भरून देणार?

प्रभाकर: शोभेच्या सगळ्या जाती रोगाला बळी पडत नाहीत, जपानी बार्बेरी बहुधा प्रतिकारक असते. जात न पाहता तोडायला लावणे हा अन्यायच झाला.

अनंत: कुंपणाचे राहू द्या. बार्बेरी हा नव्या वंशांचा कारखाना आहे, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलेत. झुडूप राहिले तर प्रतिकारक वाण किती दिवस टिकणार? युगांडात 1998 मध्ये सापडलेला आणि पुढे येमेन, इराणपर्यंत पोहोचलेला यूजी99 हा वंश तिथूनच आला असणार.

प्रभाकर: संकराचा मुद्दा गाळला नव्हता, त्याला एकच वाक्य दिले, ही चूक मान्य. त्या मोहिमेनंतर वंशांची विविधता घटली, हा तिचा खरा लाभ. पण यूजी99 चे उदाहरण तुमच्याच विरोधात जाते: 2019 च्या जनुकीय अभ्यासानुसार तो बार्बेरीवरच्या संकरातून नव्हे, तर दोन बुरशींच्या तंतूंमध्ये केंद्रकांची अदलाबदल होऊन तयार झाला.

अनंत: ठीक, यूजी99 तुमचा. पण ज्या प्रदेशात बार्बेरी आणि गहू शेजारी-शेजारी वाढतात, तिथे मी झुडूप तोडणारच.

प्रभाकर: तिथे अवश्य तोडा. पहिली लागण बार्बेरीच्या आसपासच्या पट्ट्यात आधी दिसली, तर स्रोत शेजारी आहे. दूरवरच्या शेतांत एकाच पावसानंतर एकदम ठिपके उठले, तर कुऱ्हाडीचा उपयोग नाही.

माधवी: म्हणजे माझे कुंपण उगाचच गेले.