एकच बाँड, दोन दावेदार

"फिनाइलइथाइलअमाइनच्या मास स्पेक्ट्रममध्ये बेस पीक 91 का येत नाही, 91 वर येणारा ट्रोपिलियम आयन तर इतका स्थिर असतो ना?"

स्थिर आहेच, पण इथे दोन तुकड्यांचं भांडण एकाच बाँडवरून आहे. C6H5CH2–CH2NH2 मधला मधला C–C तुटला की एक तुकडा चार्ज घेतो, दुसरा रॅडिकल होऊन निघून जातो. मग बघायचं की कुठल्या रॅडिकलची आयनायझेशन एनर्जी कमी. CH2NH2 ची साधारण 6.3 eV आणि बेन्झाइलची 7.2 च्या आसपास, म्हणजे चार्ज नायट्रोजनवालाच घेऊन जातो आणि m/z 30 बेस पीक होतो, 91 दिसतो पण बराच लहान.

आता सहसा कोणी न लिहिणारी गोष्ट. आमच्या अंधेरीच्या लॅबमध्ये, आणि बऱ्याच ठिकाणी, जीसीएमएसचं स्कॅन 35 किंवा 40 पासून लावलेलं असतं, हवेचे 28 आणि 32 नकोत म्हणून. त्यात 30 सरळ कापला जातो, मग सॉफ्टवेअर उरलेल्यात सगळ्यात उंच त्या 91 ला 100 टक्के करून टाकतं, खाली 65 पण असतोच (91 मधून C2H2 गेला की), आणि माणूस बिनधास्त अल्किलबेन्झीन लिहून मोकळा! अशा वेळी आधी मॉलिक्युलर आयन शोधा, लहान असला तरी. इथे तो 121, विषम, म्हणजे नायट्रोजनची संख्या विषम. साध्या अल्किलबेन्झीनचा कायम सम येतो, ब्यूटाइलचा 134. शंका आली तर स्कॅन 25 पासून लावून परत इंजेक्ट करा, हवेचे पीक सहन करायचे.