गुरुवारी फ्रंट लोड मशीनचं इन्स्टॉलेशन: वेळ कशी पक्की करावी, घरी काय तयार ठेवावं?

प्रभातरोडी: आईबाबा पुण्यात, चौथ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर. मी बंगळुरात. नवीन मशीन खोक्यातच आहे. मेसेज आलाय, "गुरुवार, १० ते २". नक्की किती वाजता येणार? बाबांना दुपारी दवाखान्यात जायचंय. आणि घरी काय तयार ठेवायचं?

कट्टेकरी: गुरुवार बदलून घ्या! पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद असलं की बहुतेक गुरुवारीच असतं. पाणी नसेल तर तो डेमो न देताच परत जाईल.

जुना_मेकॅनिक: पाणी बंद असलं तरी गच्चीवरची टाकी भरलेली असली की डेमो होतो. बुधवारी रात्री सोसायटीच्या वॉचमनला टाकी भरून ठेवायला सांगा. वेळेचं म्हणाल तर कॉल सेंटरला फक्त स्लॉट दिसतो. टेक्निशियनचा नंबर सहसा त्याच दिवशी सकाळी मेसेजमध्ये येतो. त्यालाच फोन करा, "आमच्या आधी किती कॉल आहेत?" असं विचारा आणि बाबांची अडचण सांगा.

एक मात्र आईबाबांना बजावून ठेवा. "व्हिजिट कन्फर्म करायला ओटीपी द्या" असा फोन आला तर द्यायचा नाही. तो ओटीपी काम झाल्यावर कॉल बंद करायचा असतो. आधीच दिला तर तक्रार "पूर्ण" दिसते आणि परत पहिल्यापासून बुकिंग.

सुलूमावशी: आमच्याकडे पावसाळ्यात उंदराने मशीनचा पाइप कुरतडला. जाळी बसवा बाई.

प्रभातरोडी: @जुना_मेकॅनिक, आणि तयारी?

जुना_मेकॅनिक: खोकं त्याच्यासमोरच उघडा. बिल हाताशी ठेवा, वॉरंटीसाठी लागतं. मोठा १६ अँपिअरचा अर्थिंगवाला पॉइंट हवा, एक्स्टेंशन बोर्ड चालत नाही. नळाला पाऊण इंची आटे आहेत का बघा, नसतील तर आधीच प्लंबरकडून बदलून घ्या. मागचे ट्रान्झिट बोल्ट तो काढेल, ते जपून ठेवा, घर बदलताना लागतात. आणि न काढताच मशीन चालवलं तर स्पिनला अख्खं मशीन जागेवरून सरकतं.

पण मला काळजी वेगळीच वाटते. शेवटचा मजला म्हणजे टाकी नळाच्या जेमतेम दोन-अडीच मीटर वर. दहा मीटर उंचीला एक बार प्रेशर धरा, तुमच्याकडे पाव बारच्या आसपास भरेल. बऱ्याच फ्रंट लोडना कमीत कमी ०.३ किंवा ०.५ बार लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. नळ पूर्ण सोडून मिनिटभर बादली लावा. सात-आठ लिटरसुद्धा भरत नसेल तर मशीन पाणी घेता घेता एरर देऊन थांबेल.

कट्टेकरी: म्हणजे प्रेशर पंप. तो कंपनीवालाच आणतो ना?

जुना_मेकॅनिक: नाही हो, तो तुमचा खर्च. बसवायचा तर गुरुवारच्या आधी, नाहीतर दुसरी व्हिजिट मागावी लागेल.

प्रभातरोडी: बाबांनी बादली लावली. मिनिटाला साधारण पाच लिटर. मॅन्युअलमध्ये ०.५ बार लिहिलंय. सोसायटीचे सेक्रेटरी पंपाच्या आवाजावरून आधीच कुरकुर करतात. शेवटच्या मजल्यावर कमी आवाजाचा पंप कोणी लावलाय का?

सुलूमावशी: टॉप लोडच घ्यायचं होतं की. आमचं बादलीने पाणी ओतूनसुद्धा चालतं.